कंपनीचा मालक धर्मादाय ट्रस्ट आहे का? कागदांतून असं शोधा

टाटांच्या कंपन्यांची मालकी ट्रस्टकडे आहे, हे मुंबईत कोणीही सांगेल. कुठल्या कागदावर ते लिहिलंय, असं विचारलं की मात्र बहुतेक जण अडखळतात. टीसीएसचा शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडून त्यात टाटा ट्रस्ट शोधलेत तर तिथे ते सापडणार नाहीत. यात कोणी काही लपवलेलं नसतं. प्रत्येक कागद फक्त एका पातळीची मालकी दाखवतो आणि ट्रस्ट त्याच्या वरच्या पातळीवर असतो, एवढंच कारण आहे. पत्रकारितेत नव्याने आलेल्यांना, कंपनी सेक्रेटरीच्या आर्टिकलशिपला बसलेल्या मुलांना किंवा स्वतःचे पैसे गुंतवण्याआधी नीट पाहणाऱ्यांना हा शोध घरी बसून करता येतो. आपण टीसीएसपासून सुरुवात करू आणि वर चढत जाऊ.

पहिली पायरी: लिस्टेड कंपनीचा तिमाही तक्ता

सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या नियम ३१ प्रमाणे प्रत्येक लिस्टेड कंपनीला तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरधारकांचा तक्ता एक्स्चेंजला द्यावा लागतो. bseindia.com वर कंपनीचं नाव किंवा कोड टाका (टीसीएसचा कोड 532540) आणि ‘Shareholding Pattern’ उघडा. सगळ्यात वर गोषवारा असतो. त्यात प्रमोटर इतके टक्के, पब्लिक इतके टक्के एवढंच कळतं. आपल्याला हवा तो प्रमोटर आणि प्रमोटर ग्रुपचा सविस्तर तक्ता, कारण नावं तिथे असतात.

टीसीएसच्या या तक्त्यात टाटा सन्स प्रायव्हेट लिमिटेड हे नाव दिसतं आणि त्यापुढे सुमारे २५९.५५ कोटी शेअर. कंपनीचे एकूण शेअर सुमारे ३६१.८१ कोटी. भागाकार केला की ७१.७४ टक्के येतात. हा हिस्सा २०२४ च्या मार्चमधल्या विक्रीनंतरचा आहे, त्याआधी तो थोडा जास्त होता. टाटा सन्सबरोबर समूहातल्या आणखी काही कंपन्यांची नावंही असतात, पण त्यांचे आकडे किरकोळ आहेत.

इथे आधी पाहा की प्रमोटर कोणत्या प्रकारात नोंदलेला आहे. व्यक्ती, सरकार, वित्तसंस्था आणि ‘इतर’ असे प्रकार असतात. कंपन्या आणि ट्रस्ट दोन्ही ‘इतर’मध्ये येतात. तिथे थेट ट्रस्टचं नाव दिसलं तर तुमचं काम सोपं झालं, आणि पुढे फक्त तो ट्रस्ट कोणत्या जातीचा आहे ते पाहायचं. कंपनीचं नाव दिसलं तर एक मजला वर चढावं लागेल. टीसीएसच्या बाबतीत आपल्याला चढायचं आहे.

दुसरी पायरी: प्रमोटर कंपनीचे कागद

टाटा सन्स लिस्टेड नाही, त्यामुळे एक्स्चेंजच्या साइटवर तिचा तिमाही तक्ता मिळत नाही. आता कंपनी कामकाज मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या mca.gov.in या साइटवर जायचं. तिथे शोधताना सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक हाताशी असला की नावांचा घोळ होत नाही. टाटा सन्सचा सीआयएन असा आहे:

```
U99999MH1917PTC000478
```

हा क्रमांक वाचायला शिकण्यासारखा आहे. पहिलं अक्षर U म्हणजे अनलिस्टेड. लिस्टेड कंपनीला तिथे L असतो, म्हणून टीसीएसचा क्रमांक L ने सुरू होतो. मग पाच अंकी उद्योग-कोड, MH म्हणजे महाराष्ट्र, १९१७ हे नोंदणीचं वर्ष आणि PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. या तीन अक्षरांच्या जागी NPL दिसलं तर ती कंपनी स्वतःच ना-नफा तत्त्वावरची आहे. तो वेगळा प्रकार आहे, त्याकडे पुढे येऊच.

एमसीएवर खातं उघडून, लॉगिन करून कंपनीचे सार्वजनिक कागद पाहायचे. एका कंपनीसाठी १०० रुपये फी आहे. आपल्याला दोन कागद हवेत. एक MGT-7, म्हणजे वार्षिक विवरणपत्र. त्याबरोबर कंपनीने शेअरधारकांची यादी द्यायची असते. दुसरा AOC-4, ज्याला ताळेबंद आणि टिपा जोडलेल्या असतात. शेअर भांडवलाच्या टिपेत ५ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर असलेल्यांची नावं देणं बंधनकारक आहे.

नवखी मंडळी इथेच चुकतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. टाटा सन्सचे साधे शेअर फक्त ४,०४,१४६ आहेत, प्रत्येकी १,००० रुपये दर्शनी किमतीचे. म्हणजे एवढ्या मोठ्या समूहाचं शिखर जेमतेम चार लाख शेअरांवर उभं आहे. ५ टक्क्यांच्या टिपेत त्यांतले दोनच ट्रस्ट येतात: सर दोराबजी टाटा ट्रस्ट २७.९८ टक्के आणि सर रतन टाटा ट्रस्ट २३.५६ टक्के. बेरीज ५१.५४. या टिपेवर थांबलात तर ‘ट्रस्टांकडे साधारण निम्मी मालकी’ असं लिहून मोकळे व्हाल आणि ते चूक ठरेल.

पूर्ण यादी पाहिली की आणखी सहा ट्रस्ट सापडतात, आणि ते सगळे ५ टक्क्यांच्या खालचे. जेआरडी टाटा ट्रस्ट ४.०१, टाटा एज्युकेशन ट्रस्ट आणि टाटा सोशल वेल्फेअर ट्रस्ट प्रत्येकी ३.७३, आरडी टाटा ट्रस्ट २.१९, एमके टाटा ट्रस्ट ०.६०, सार्वजनिक सेवा ट्रस्ट ०.१०. आठांची बेरीज ६५.९० टक्के. लोक बोलताना ‘६६ टक्के’ म्हणतात तो आकडा इथून येतो. यातल्या शेवटच्या ट्रस्टच्या नावात ‘टाटा’ हा शब्दच नाही, त्यामुळे नुसतं नावावरून शोधणारा तो हमखास गाळतो.

उरलेल्यांत शापूरजी पालनजी समूहाचे १८.४ टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, तेही सायरस इन्व्हेस्टमेंट्स आणि स्टर्लिंग इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन अशा दोन कंपन्यांत जवळपास समान वाटलेले. ही दोन नावं ५ टक्क्यांच्या टिपेत ट्रस्टांच्या शेजारीच दिसतात, पण त्यांच्यामागे धर्मादाय संस्था नाही. शेजारी छापलंय म्हणून सगळ्यांना एकत्र मोजू नका.

बाकीचा मोठा भाग टाटांच्याच लिस्टेड कंपन्यांकडे आहे. उदाहरणार्थ टाटा केमिकल्सकडे टाटा सन्सचे साधारण अडीच टक्के आहेत. हे टाटा केमिकल्सच्या वार्षिक अहवालात गुंतवणुकीच्या टिपेत, ‘अनकोटेड’ शेअरांच्या यादीत सापडतं. म्हणजे टाटा सन्स टाटा केमिकल्सची प्रमोटर आणि टाटा केमिकल्स टाटा सन्सची भागधारक, असं वर्तुळ आहे.

गुणाकार, आणि त्याचा नेमका अर्थ

आता दोन पातळ्या जोडायच्या. टीसीएसमध्ये टाटा सन्स ७१.७४ टक्के, टाटा सन्समध्ये ट्रस्ट ६५.९० टक्के. गुणाकार ४७.३ टक्के. टीसीएसमधला ट्रस्टांचा आर्थिक वाटा साधारण एवढा. वर सांगितलेल्या वर्तुळामुळे खरा आकडा किंचित वर सरकतो, कारण समूहातल्या कंपन्यांमधूनही थोडा वाटा फिरून टाटा सन्सकडे येतो. पण पहिल्या अंदाजासाठी साधा गुणाकार पुरतो.

या ४७ चा चुकीचा अर्थ लावणारे लेख मी बरेच वाचलेत. टीसीएसने १०० रुपये लाभांश दिला तर ४७ रुपये धर्मादाय कामात गेले, असं गणित त्यात असतं. तसं होत नाही. १०० पैकी सुमारे ७२ रुपये टाटा सन्सच्या खात्यात येतात. त्यातून कर्ज फेडायचं, नव्या धंद्यात घालायचं की लाभांश म्हणून पुढे द्यायचं, हे टाटा सन्सचं संचालक मंडळ ठरवतं. ट्रस्टांच्या हाती येतो तो टाटा सन्सने जाहीर केलेल्या लाभांशाचा ६५.९ टक्के भाग. मालकीचा टक्का आणि हाती आलेली रक्कम हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दुसऱ्यासाठी टाटा सन्सच्या हिशेबातला लाभांशच पाहावा लागतो.

नियंत्रणाचा आकडाही ४७ नाही. टाटा सन्सकडे टीसीएसची ७१.७४ टक्के मतं आहेत आणि टाटा सन्समध्ये ट्रस्टांचं स्पष्ट बहुमत आहे. शिवाय टाटा सन्सच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत लिहिलंय की ट्रस्टांची एकत्रित मालकी ४० टक्क्यांच्या खाली जात नाही तोवर ते एक-तृतीयांश संचालक नेमू शकतात, आणि ठरावीक मोठ्या निर्णयांना त्या नेमलेल्या संचालकांच्या बहुमताची संमती लागते. या कलमांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२१ च्या निकालात टाटा सन्सची बाजू टिकली. तुम्ही दुसरी कुठली कंपनी तपासत असाल तर तिचे आर्टिकल्स एमसीएवर त्याच १०० रुपयांत पाहता येतात. आर्टिकल्स बदलले की तो ठराव MGT-14 बरोबर दाखल होतो, तेव्हा सगळ्यात ताजा MGT-14 आधी उघडा.

तिसरी पायरी: ट्रस्टींची नावं दिसली तर

भारतीय कायद्यात ट्रस्ट ही कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. मालमत्ता ट्रस्टींच्या नावे असते. त्यामुळे काही याद्यांत नोंदणीकृत ट्रस्टचं नाव सरळ दिसतं, आणि काहींत तीन-चार माणसांची नावं आणि त्यापुढे ‘अमुक ट्रस्टचे ट्रस्टी’ अशी नोंद असते. छापताना ती शेवटची ओळ तुटली किंवा वेगळ्या रकान्यात गेली, तर ही माणसंच कोट्यवधींच्या शेअरांची मालक आहेत असं वाटतं.

लाभधारक मालकाच्या नोंदीत हा गोंधळ आणखी वाढतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ९० आणि त्याखालचे २०१८ चे नियम (२०१९ मध्ये ते बदलले) सांगतात की किमान १० टक्के लाभ असलेला माणूस कोण, हे शोधून कंपनीने BEN-2 मध्ये कळवायचं. शेअर ट्रस्टकडे असतील तर कोणाचं नाव लिहायचं? नियमात ट्रस्टच्या प्रकारानुसार उत्तर दिलंय. ठरावीक लाभार्थींचा ट्रस्ट असेल तर लाभार्थीचं नाव. रद्द करता येणारा ट्रस्ट असेल तर तो करणाऱ्याचं. आणि धर्मादाय ट्रस्ट किंवा कोणाला किती द्यायचं हे ट्रस्टींवर सोडलेला विवेकाधीन ट्रस्ट असेल तर ट्रस्टींचं.

म्हणून BEN-2 मध्ये किंवा एक्स्चेंजच्या लाभधारक मालकांच्या तक्त्यात एखाद्या माणसाचं नाव आलं, तरी फायदा त्याच्या खिशात जातो असं समजू नका. तो धर्मादाय ट्रस्टचा ट्रस्टी असू शकतो आणि त्याला त्या शेअरांतून एक पैसाही घेता येत नाही. उलट, लाभार्थी म्हणून नाव असेल तर तो खाजगी ट्रस्ट आहे. हे दोन प्रसंग कागदावर अगदी सारखे दिसतात आणि फरक फक्त ट्रस्टचा प्रकार कळल्यावरच कळतो.

तक्ता रिकामा असला तरी घाई नको. कंपनीमार्फत असलेली मालकी वरच्या माणसाच्या नावावर लावायची तर मधल्या कंपनीत त्याच्याकडे निम्म्यापेक्षा जास्त हिस्सा असावा लागतो. मालकी अनेक ट्रस्टांत वाटलेली असेल तर ही अट सहज पूर्ण होत नाही. रिकाम्या तक्त्यावरून कंपनीला मालक नाही किंवा ट्रस्ट नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चौथी पायरी: ट्रस्ट खरंच धर्मादाय आहे का

‘ट्रस्ट’ हा शब्द कंपन्यांच्या कागदांत कितीतरी ठिकाणी येतो. कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला केलेला ट्रस्ट असतो. तो तिमाही तक्त्यात ‘प्रमोटरही नाही, पब्लिकही नाही’ अशा वेगळ्या भागात दिसतो, त्यामुळे ओळखायला सोपा. म्युच्युअल फंडाचे ट्रस्टी पब्लिकच्या तक्त्यात असतात. आणि प्रमोटर कुटुंबाने वारसाहक्काची सोय म्हणून केलेला खाजगी ट्रस्ट असतो. तो प्रमोटरच्याच तक्त्यात, धर्मादाय ट्रस्ट असायला हवा नेमक्या त्या जागी बसलेला असतो. घोळ होतो तो याच्यामुळे.

महाराष्ट्रात हा घोळ सोडवायची जागा ठरलेली आहे. सार्वजनिक ट्रस्टची नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. खाजगी कौटुंबिक ट्रस्ट १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्याखाली येतो आणि या नोंदवहीत नसतो. charity.maharashtra.gov.in वर नाव शोधा, आणि वेबसाइटवर मिळालं नाही तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. मागायचं ते परिशिष्ट एक. त्यात ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, उद्देश, ट्रस्टी आणि मालमत्ता असते. ट्रस्टी बदलले की चेंज रिपोर्ट दाखल होतो, म्हणून नोंदीतली नावं जुनी वाटली तर मंजूर किंवा प्रलंबित चेंज रिपोर्टही विचारा.

शंका ओळखायला आणखी एक खूण मला फार उपयोगी वाटते. १९६१ च्या आयकर कायद्यात धर्मादाय ट्रस्टने पैसे कुठे गुंतवावेत याची यादी होती आणि साध्या कंपन्यांचे शेअर त्यात बसत नव्हते. मुख्य सूट होती ती १ जून १९७३ रोजी ट्रस्टच्या मूळ निधीत आधीच असलेल्या मालमत्तेला. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा, म्हणजे त्यांची मालकी या तारखेच्या कितीतरी आधीची. आपल्याकडे धर्मादाय ट्रस्टच्या मालकीच्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून एखाद्या नव्या कंपनीत गेल्या दहा वर्षांतल्या ‘ट्रस्ट’कडे बहुमत दिसलं, तर तो खाजगी ट्रस्ट असण्याचीच शक्यता जास्त धरा आणि धर्मादाय असल्याचा पुरावा मिळेपर्यंत तसं लिहू नका.

उलटा बाण

सगळ्यात जास्त दिसणारी चूक याहून साधी आहे. कंपनीच्या नावाचं फाउंडेशन आहे, म्हणजे फाउंडेशन कंपनीचं मालक, असा समज. बहुतेक वेळा ते अगदी उलट असतं. कंपनीने सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा पैसा खर्च करायला कलम ८ ची ना-नफा कंपनी किंवा ट्रस्ट काढलेला असतो. फाउंडेशन कंपनी असेल तर तिच्या सीआयएनमध्ये NPL असतं, आणि तिच्या शेअरधारकांच्या यादीत मूळ कंपनीचं नाव असतं. मूळ कंपनीच्या शेअरधारकांच्या यादीत मात्र फाउंडेशनचं नाव कुठेच नसतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते दिसतं.

विप्रो: जिथे तक्ता पुरत नाही

आतापर्यंतचा रस्ता शेअर कोणाच्या नावे आहेत यावर चालला. विप्रोत तेवढ्याने भागत नाही. १९४५ साली अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या या कंपनीच्या प्रमोटर तक्त्यात अझीम प्रेमजी ट्रस्टबरोबर प्राझिम ट्रेडर्स, हशम ट्रेडर्स आणि झॅश ट्रेडर्स अशा भागीदारी फर्मची नावं भागीदारांमार्फत दिसतात, आणि मोठा हिस्सा या फर्मकडे दिसतो. फक्त तक्ता पाहणारा म्हणेल की ही कौटुंबिक कंपनी आहे आणि ट्रस्टकडे लहान वाटा आहे.

पण १३ मार्च २०१९ ला जाहीर झालं की प्रेमजींनी आपल्या नियंत्रणातल्या संस्थांकडच्या आणखी ३४ टक्के शेअरांचा आर्थिक लाभ परत न घेता येण्याजोग्या पद्धतीने धर्मादाय कामासाठी सोडला. त्या दिवशी त्या शेअरांची किंमत ५२,७५० कोटी रुपये सांगितली गेली, आणि धर्मादाय कामाकडे गेलेला एकूण आर्थिक वाटा ६७ टक्के झाला. शेअर फर्मच्याच नावावर राहिले, त्यामुळे तक्त्यातल्या नावांवरून हा बदल कळत नाही. अशा वेळी वार्षिक अहवालातल्या शेअरधारणेच्या तळटिपा वाचायच्या, आणि कंपनीची अमेरिकेत नोंदणी असेल तर तिथे दाखल होणारा 20-F अहवालही. कोणत्या शेअरांवरचा लाभधारक हक्क प्रमोटर नाकारतो, ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. विप्रोबद्दल लिहिताना नाव, मत आणि लाभ हे तीन रकाने वेगळे ठेवावे लागतात.

नोंद ठेवताना

शोध संपला की प्रत्येक आकड्यापुढे त्याची तारीख आणि कागदाचं नाव लिहा. एक्स्चेंजचा तक्ता तिमाहीचा असतो. MGT-7 मधली स्थिती आर्थिक वर्षाअखेरची असते आणि तो वार्षिक सभेनंतर ६० दिवसांत दाखल होतो, म्हणजे तुमच्या हाती येईपर्यंत कित्येक महिने जुना झालेला असतो. परिशिष्ट एकमधली नोंद त्याहूनही जुनी असू शकते. टीसीएसचा डिसेंबरचा टक्का आणि टाटा सन्सचा मार्चचा टक्का गुणला असेल, तर दोन्ही तारखा उत्तराच्या शेजारीच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या तिमाहीत कोणता कागद नव्याने उघडायचा ते लगेच कळेल.